टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराने हृदयविकाराचा झटका येतो का? मोठ्या चाचण्यांनी काय दाखवले आणि काय दाखवले नाही

प्रश्न: «माझे वय 54 आहे. दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला आहे. सतत थकवा येतो, इच्छाही कमी झाली आहे, म्हणून रक्त तपासले तर टेस्टोस्टेरॉन 2.3 आले. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवले आहे, पण घरचे म्हणतात की त्याने अटॅक येतो किंवा लकवा होतो. मोठ्या चाचण्यांत नेमके काय निघाले? घ्यावे की नाही?»

मी गेली बावीस वर्षे अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो आणि आपल्यासारखे रुग्ण, म्हणजे मधुमेह, स्टेंट आणि कमी टेस्टोस्टेरॉन या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले, माझ्याकडे दर आठवड्याला येतात. म्हणून आधी थेट उत्तर देतो. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या पुरुषाला ते योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिले, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याची शक्यता लक्षणीय वाढत नाही, असे आजवरच्या सर्वांत मोठ्या चाचणीत आढळले आहे. मात्र त्याच चाचणीत आणखी काही गोष्टी आढळल्या, ज्या घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. आणि ही चाचणी ज्या स्वरूपाच्या औषधावर झाली, ते आपल्याला सुचवलेले इंजेक्शन नव्हते. आपला निर्णय मुख्यतः या दोन गोष्टींवर अवलंबून राहील.

घरच्यांची भीती निराधार नाही. ती कुठून आली ते आधी सांगतो. 2010 मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत पासष्ट वर्षांवरील आणि चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्या 209 पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचे जेल किंवा तसेच दिसणारे बिनऔषधी जेल देण्यात आले होते. मूळ हेतू पायांची ताकद वाढते का हे पाहण्याचा होता. पण औषध घेणाऱ्यांपैकी 23 जणांना हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित त्रास झाला, तर दुसऱ्या गटात फक्त 5 जणांना, आणि त्यामुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यानंतर 2013 आणि 2014 मध्ये जुन्या वैद्यकीय नोंदींवर आधारित दोन अभ्यास आले आणि दोन्हींत धोका वाढल्याचे दिसले. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, या औषधांच्या माहितीपत्रकात झटका आणि पक्षाघाताच्या संभाव्य धोक्याचा इशारा घालायला लावला आणि उत्पादकांना एक मोठी चाचणी करण्याचे बंधन घातले.

त्या तीन पुराव्यांचे मोल मात्र सारखे नव्हते. 209 जणांच्या चाचणीत माणसे वयस्क व अशक्त होती, मात्रा बरीच मोठी होती, आणि ज्या घटना मोजल्या त्यांत झटक्याबरोबर पायांवरची सूज किंवा रक्तदाबातील बदल अशा गोष्टीही होत्या. जुन्या नोंदींच्या अभ्यासांत अडचण वेगळी असते. औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरलेले नसते, डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवलेले असते, त्यामुळे औषध घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असतात. याउलट काही अभ्यासांत औषध घेणारे अधिक निरोगी निघाले, कारण जे मुळात धडधाकट आहेत आणि नियमित तपासण्या करून घेतात त्यांनाच डॉक्टर हे औषध लिहून देत होते. या गोंधळातून बाहेर पडायचे तर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली मोठी चाचणी हाच एक मार्ग होता.

ती चाचणी म्हणजे ट्रॅव्हर्स. ती 2018 मध्ये सुरू झाली आणि तिचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील तीनशेहून अधिक केंद्रांवर 45 ते 80 वयाचे सुमारे 5,200 पुरुष तीत होते. प्रवेशाच्या अटी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. लक्षणे असली पाहिजेत, सकाळच्या उपाशीपोटी केलेल्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आले पाहिजे, आणि हृदयविकार आधीच असला पाहिजे किंवा त्याचा मोठा धोका तरी असला पाहिजे. म्हणजे ही निवड मुद्दाम जोखमीच्या माणसांचीच होती. निम्म्याहून अधिक जणांना हृदयविकार होता आणि मधुमेहींची संख्या मोठी होती. कागदावर पाहिले तर आपण त्या चाचणीत अगदी शोभला असता.

एका गटाला रोज अंगाला लावायचे टेस्टोस्टेरॉनचे जेल दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे बिनऔषधी जेल. औषध घेणाऱ्यांची पातळी 350 ते 750 च्या दरम्यान राहावी म्हणून मात्रा वेळोवेळी कमी-जास्त केली जात होती. हृदयविकाराने मृत्यू, जीव वाचलेला झटका आणि जीव वाचलेला पक्षाघात या तीन घटना एकत्र मोजल्या. सरासरी 33 महिन्यांच्या पाठपुराव्यात औषधाच्या गटात 182 जणांना, म्हणजे 7.0 टक्क्यांना, यांपैकी काहीतरी झाले. बिनऔषधी गटात 190 जणांना, म्हणजे 7.3 टक्क्यांना. सोप्या भाषेत सांगायचे तर दर हजारी 70 विरुद्ध 73. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसतो, त्यामुळे औषधाने हृदयाचे संरक्षण झाले असा अर्थ त्यातून काढू नये.

या आकड्यांबाबत एक बारकावा सांगतो, कारण तो बातम्यांतून गळून जातो. चाचणीचा उद्देश «धोका शून्य आहे» हे सिद्ध करण्याचा नव्हताच. धोका दीडपटीहून अधिक वाढत नाही ना, एवढेच तिने तपासायचे होते, आणि ती त्या कसोटीला उतरली. आकडेमोडीची जी वाजवी मर्यादा निघाली तिच्यानुसार खरा परिणाम सुमारे 22 टक्के घट ते 17 टक्के वाढ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे 10-15 टक्क्यांची लहान वाढ या चाचणीने नाकारलेली नाही. दुप्पट किंवा चौपट धोक्याची जी भीती 2010 नंतर पसरली होती, ती मात्र नक्कीच नाकारली आहे.

दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा वाटतो. चाचणीतील साठ टक्क्यांहून अधिक पुरुषांनी औषध मध्येच सोडले, आणि हे दोन्ही गटांत जवळपास सारखेच घडले. प्रत्यक्ष जेल लावण्याचा सरासरी काळ सुमारे 22 महिने भरला. इतकी माणसे औषध सोडतात तेव्हा दोन गट एकमेकांसारखे होत जातात आणि असलेला फरकही पुसट होऊ शकतो. औषध चालू असतानाच्या काळाचा संशोधकांनी स्वतंत्र हिशेब केला तेव्हाही फरक दिसला नाही, ही जमेची बाजू. परंतु दहा वर्षे औषध घेतल्यास काय होईल, याचे उत्तर या चाचणीतून मिळत नाही, आणि आपल्या वयाच्या माणसाला हा प्रश्न नक्की पडतो, कारण हा उपचार एकदा सुरू झाला की बहुधा वर्षानुवर्षे चालतो.

आता त्या इतर गोष्टींकडे येतो. ट्रॅव्हर्समध्ये औषधाच्या गटात हृदयाची लय बिघडण्याचा एक विकार, एट्रियल फिब्रिलेशन, दर हजारी 35 जणांना झाला आणि दुसऱ्या गटात 24 जणांना. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याचे प्रमाण दर हजारी 9 विरुद्ध 5 होते. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण 23 विरुद्ध 15. पुढे त्याच चाचणीच्या एका भागात हाडे मोडण्याचे प्रमाणही औषधाच्या गटात जास्त, सुमारे 3.5 टक्के विरुद्ध 2.5 टक्के, आढळले. टेस्टोस्टेरॉनने हाडांची घनता वाढते हे आधीपासून माहीत असल्याने ते आम्हा सर्वांनाच अनपेक्षित होते. हे आकडे लहान आहेत, पण खोटे नाहीत. एट्रियल फिब्रिलेशनकडे मी विशेष लक्ष देतो, कारण त्या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी तयार होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. त्या 33 महिन्यांत पक्षाघात वाढलेले दिसले नाहीत, तरी ज्याला आधीच लय बिघडण्याचा त्रास आहे किंवा पायात अथवा फुफ्फुसात गुठळी होऊन गेली आहे, त्याला हे औषध देताना मी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

धमन्यांच्या भिंतींबद्दलही एक चाचणी झाली होती. पासष्ट वर्षांवरील 138 पुरुषांच्या हृदयाच्या धमन्या सीटी स्कॅनने एका वर्षाच्या अंतराने पाहिल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांत चुना न धरलेला, मऊ थर अधिक वाढलेला दिसला. त्या एका वर्षात झटके वाढले नव्हते. तरी स्टेंट बसवलेल्या रुग्णाला हे औषध देताना कोलेस्टेरॉलची गोळी चुकू देऊ नये, असा माझा आग्रह असतो तो याच कारणाने.

फेब्रुवारी 2025 मध्ये एफडीएने ट्रॅव्हर्सच्या आधारे झटका आणि पक्षाघाताच्या वाढीव धोक्याचा इशारा काढायला सांगितला. त्याच वेळी सर्व प्रकारच्या टेस्टोस्टेरॉनच्या माहितीपत्रकात रक्तदाब वाढण्याचा इशारा घालायला सांगितला, आणि केवळ वयामुळे पातळी उतरलेल्या पुरुषांसाठी हे औषध मंजूर नाही, हे वाक्य तसेच ठेवले. बातम्यांत पहिला भागच मोठा छापला गेला.

यानंतरचा प्रश्न इंजेक्शनचा. ट्रॅव्हर्समधील जेलने पातळी फार चढत नव्हती. वर्षभरानंतरची वाढ सुमारे 150 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास होती. आपल्याकडे मात्र बहुतेकांना इंजेक्शन दिले जाते, कारण ते स्वस्त पडते आणि रोज लावण्याची कटकट नसते. यात दोन प्रकार आहेत. एक चार एस्टरांचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या चार संयुगांचे, मिश्रण असलेले 250 मिलिग्रॅमचे, जे साधारण तीन आठवड्यांनी द्यायचे असते. ते दिल्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तातील पातळी 2,000 च्या घरात जाते, आणि तीन आठवड्यांत ती पुन्हा खालच्या मर्यादेपर्यंत उतरते. दुसरे अंडेकॅनोएट या एकाच एस्टराचे 1,000 मिलिग्रॅमचे, जे पहिल्या सहा आठवड्यांनंतर पुढे साधारण बारा आठवड्यांनी दिले जाते आणि ज्याने पातळी त्या मानाने सपाट राहते. ट्रॅव्हर्सचा दिलासा पहिल्या प्रकाराला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्या शिखरांची परीक्षा तीत झालीच नाही.

इंजेक्शनचा सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो रक्ताच्या घट्टपणात. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला अधिक लाल पेशी बनवायला लावते. रक्तात पेशींचा वाटा किती, हे सीबीसीच्या अहवालात पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या नावाने छापलेले असते. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत, ज्यात वजन जास्त असलेल्या सुमारे एक हजार पुरुषांना दोन वर्षे अंडेकॅनोएटचे इंजेक्शन किंवा बिनऔषधी इंजेक्शन दिले होते, औषध घेणाऱ्यांपैकी 22 टक्के पुरुषांत हा आकडा 54 टक्के किंवा त्याहून वर गेला. दुसऱ्या गटात फक्त 1 टक्क्यात. सपाट समजले जाणारे इंजेक्शन असूनही हे झाले, हे लक्षात ठेवावे.

माझ्याकडचे एक उदाहरण सांगतो. रुग्णाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. साताऱ्याकडचे एक 58 वर्षांचे बांधकाम ठेकेदार होते. मधुमेह, रक्तदाब, पोट सुटलेले आणि रात्री मोठ्याने घोरण्याची सवय. दुसरीकडे त्यांना 250 मिलिग्रॅमचे मिश्रण तीनऐवजी दर दोन आठवड्यांनी सुरू केले होते. इंजेक्शननंतरचे चार-पाच दिवस त्यांना फार बरे वाटे आणि नंतर गळून गेल्यासारखे होई, म्हणून त्यांनीच अंतर कमी करून मागितले होते. सात महिन्यांनी ते आले तेव्हा चेहरा लालसर, डोके जड, आंघोळीनंतर अंगाला खाज, रक्तदाब 158 वर 96. उपचार सुरू करताना पीसीव्ही 46 होता, तो आता 56 झाला होता. मधल्या काळात कोणी सीबीसी केलाच नव्हता. टेस्टोस्टेरॉन मात्र दोनदा तपासले होते, आणि दोन्ही वेळा पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी, म्हणजे पातळी तळाला असताना, त्यामुळे अहवाल «नॉर्मल»च्या खालच्या टोकाला येत होता आणि मात्रा पुरेशी नाही असा समज होत होता.

आम्ही इंजेक्शन थांबवले. रक्तदान करून आकडा उतरवावा का, असे त्यांनी विचारले. मी टाळले, कारण मात्रा तीच ठेवून वारंवार रक्त काढत राहिले तर लोह कमी होते आणि मूळ कारण तसेच राहते. झोपेची तपासणी केली तर झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार निघाला, जो स्वतःच लाल पेशी, रक्तदाब आणि सकाळचा थकवा वाढवतो आणि टेस्टोस्टेरॉन कमीही करतो. रात्री मास्कचे यंत्र सुरू केले. तीन महिन्यांत पीसीव्ही 49 वर आला. त्यानंतर कमी मात्रेत जेल सुरू केले. त्या पुढच्या वर्षभरात पीसीव्ही 50 च्या खाली राहिला, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली, आणि त्यांचा थकवा यंत्राने अधिक गेला की जेलने, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

आता आपल्याबद्दल. 2.3 हा आकडा बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे. त्याचे 230 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर होतात आणि ते कमीच आहे, पण अहवालावरचे एकक एकदा पाहून घ्या. ही तपासणी किती वाजता आणि काही खाऊन केली होती का, हेही महत्त्वाचे आहे, कारण दुपारी किंवा जेवणानंतर पातळी बरीच उतरते. एका अहवालावर मी कधीही उपचार सुरू करत नाही. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, ताप किंवा कोणतेही आजारपण नसताना दुसऱ्यांदा तपासून घ्या. त्याबरोबर मेंदूतील ग्रंथीची एलएच व प्रोलॅक्टिन ही संप्रेरके, एसएचबीजी, सीबीसी आणि प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी करावी. जाडी आणि मधुमेहात एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसते, पण उपयोगी पडणारे मोकळे टेस्टोस्टेरॉन तितके कमी नसते. अशा रुग्णात दहा किलो वजन उतरले तर पातळी अनेकदा स्वतःहून वर येते.

दोन्ही तपासण्यांत पातळी खरोखर कमी निघाली आणि इतर कारण सापडले नाही, तर दोन वर्षांपूर्वीचा स्टेंट एवढ्यावरून मी नकार देणार नाही, मात्र हृदयाची अवस्था स्थिर असली पाहिजे. गेल्या सहा महिन्यांत झटका किंवा पक्षाघात झाला असेल, हृदयाची पंपिंगची क्रिया आटोक्यात नसेल, सुरुवातीलाच पीसीव्ही 48 च्या वर असेल, झोपेत श्वास अडकण्यावर उपचार झालेला नसेल, किंवा नजीकच्या काळात मूल हवे असेल, तर मी थांबतो. शेवटची अट आपल्याला लागू नसेल, पण हे औषध शुक्राणूंची निर्मिती बंद पाडते हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रकार निवडायचा झाला तर आपल्यासाठी मी जेल निवडीन, कारण हृदयरोग्यांवरचा मोठा पुरावा त्याचाच आहे आणि काही गडबड वाटली तर ते थांबवल्यावर काही दिवसांत परिणाम ओसरतो. अंडेकॅनोएटचे इंजेक्शन दिले की ते तीन महिने शरीरातून काढता येत नाही. जेल लावल्यावर हात धुवावेत आणि ती जागा कपड्याने झाकावी, घरातील लहान मुले व स्त्रिया यांच्या त्वचेला ते लागू देऊ नये. जेल परवडत नसेल तर अंडेकॅनोएट चालेल, पण चार एस्टरांचे मिश्रण दर दोन आठवड्यांनी घेणे स्टेंट असलेल्या माणसाने टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीनंतर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी सीबीसी झालाच पाहिजे. पीसीव्ही 54 च्या वर गेला तर औषध थांबवायचे, आकडा उतरू द्यायचा आणि मग कमी मात्रेत पुन्हा सुरू करायचे. रक्तदाब पहिले तीन महिने घरी आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहून ठेवा. अपेक्षाही योग्य ठेवा: ट्रॅव्हर्समध्ये इच्छा वाढली, पण शिश्नाच्या ताठरतेत फरक पडला नाही, आणि साखरेच्या नियंत्रणासाठी हे औषध नव्हे. सहा महिन्यांत लक्षणांत काहीच फरक पडला नाही, तर मी औषध बंद करतो.

एक मर्यादा मोकळेपणाने सांगतो. ट्रॅव्हर्स पूर्णपणे अमेरिकेत झाली. आपल्याकडे धमन्यांचा विकार कमी वयात सुरू होतो, त्यामुळे तिथले आकडे मी आपल्या माणसांना लावतो ते सावधपणे, आणि म्हणूनच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना हे औषध सुरू होत असल्याचे आधी कळवा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. वॉरफरिनसारख्या गोळीचा परिणाम टेस्टोस्टेरॉनने वाढतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, वारंवार पाहावा लागतो.

औषध चालू असताना एका पायाची पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, धाप लागली, छातीत धडधड अनियमित वाटली, किंवा तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे असे काही झाले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठा आणि आपण टेस्टोस्टेरॉन घेत आहात हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. पुष्कळ रुग्ण संकोचाने ते लपवतात, आणि मग पोटरीची सूज साधी लचक समजून त्यांना घरी पाठवले जाते.